द्विदिवसीय तंत्रमहोत्सवाचे कार्यनियोजन : वेळापत्रक, जबाबदारी व पर्यायी व्यवस्था

प्रस्तावना

सीओईपीचा ‘माइंडस्पार्क’ किंवा पीआयसीटीचा ‘क्रेडेन्झ’ यांसारखे पुण्यातील तंत्रमहोत्सव विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने भरतात. अशा महोत्सवात सर्वांत मोठा धोका गर्दीचा असतो. 25 नोव्हेंबर 2023 रोजी कोची येथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या तंत्रमहोत्सवात संगीत कार्यक्रमापूर्वी पाऊस आला. प्रवेशासाठी लोटलेली गर्दी पायऱ्यांवर कोसळली आणि चौघांचा मृत्यू झाला. पाऊस आल्यास गर्दी कोठे जाईल, या प्रश्नाचे उत्तर नियोजनात आधीच असले पाहिजे. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने एका कल्पित महोत्सवाची योजना मांडली आहे.

वेळापत्रक

महोत्सव ऑक्टोबरमधील शुक्रवार-शनिवारी असून 600 स्पर्धक अपेक्षित आहेत, असे मानू. पुण्यात पाणीपुरवठ्याची देखभाल-दुरुस्ती बहुधा गुरुवारी होत असल्याने मांडणीच्या दिवशीच पाणी बंद असण्याची शक्यता असते. म्हणून टाक्या बुधवारी भरून घ्याव्यात.

शुक्रवारी सकाळी 8.00 ते 9.30 नोंदणी ठेवावी. एका नोंदणीस एक मिनिट लागल्यास एका टेबलावर 90 नोंदी होतात, म्हणजे किमान सात टेबले हवीत. दिवसभर यंत्रमानव व संगणक-आज्ञावलीच्या प्राथमिक फेऱ्या होतील. सायंकाळी 6.30 ला खुल्या रंगमंचावरील कार्यक्रम सुरू करून तो 9.30 ला संपवावा. रात्री 10 नंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपक वापरण्यास सामान्यतः बंदी असल्याने अर्ध्या तासाचा अवकाश आवश्यक ठरतो. शनिवारी अंतिम फेऱ्या व दुपारी 4 वाजता पारितोषिक वितरण व्हावे.

जबाबदारी

नोंदणी, स्पर्धा, वीज व प्रवेशद्वार या प्रत्येक विभागास एक विद्यार्थी प्रमुख व एक प्राध्यापक असावा. प्रवेशद्वार-प्रमुखाकडे दुसरे काम देऊ नये. आत किती जण आहेत, याची मोजणी त्याने सतत ठेवावी व मर्यादा गाठताच प्रवेश थांबवावा. कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार मात्र एकाच प्राध्यापकाकडे असावा, अन्यथा ऐनवेळी निर्णयच होत नाही.

पर्यायी व्यवस्था

ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाच्या सरी बहुधा दुपारनंतर येतात. खुल्या रंगमंचासमोर 1500 प्रेक्षक आणि सभागृहात 500 आसने असतील, तर ‘पाऊस आल्यास सभागृहात’ ही व्यवस्था पर्याय नसून नवा धोका आहे. अशा वेळी दुपारी 4 वाजता आकाश पाहून कार्यक्रम शनिवारवर ढकलावा किंवा रद्द करावा, आणि लोक जमण्यापूर्वीच तसे जाहीर करावे. कार्यक्रम होणार असल्यास दरवाजे एक तास आधी उघडावेत. प्रवेश व निर्गमन वेगळे ठेवावे आणि पायऱ्यांवर कोणासही थांबू देऊ नये. दारापाशी रांग मोडून लोक खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले, की धोक्याची खूण समजावी. अशा वेळी पुढच्यांना आत घाई न करता मागची आवक प्रथम थांबवावी. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांकावर कोणी दूरध्वनी करावा व गाडी कोणत्या दाराने आत येईल, हेही लिहून ठेवावे.

निष्कर्ष

पर्यायी व्यवस्थेतील प्रत्येक कलमापुढे वेळ, व्यक्ती व संख्या या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतील, तरच ते कलम प्रसंगी अमलात येते.