तकलादू, गचाळ की नुसतंच सुमार?

‘एकदम भिकार. पैसे पाण्यात.’ ऑनलाइन मागवलेल्या एखाद्या पुस्तकांच्या कपाटाखाली असा अभिप्राय दिसला, तर वाचणाऱ्याला एवढंच कळतं की कुणीतरी जाम चिडलं आहे. कपाट मोडलं, फुगलं, रंग भलताच आला की नुसतं उशिरा पोचलं, याचा पत्ता लागत नाही. त्याच्याच खाली दुसऱ्या कुणी ‘फळ्या तकलादू, मधला खण महिन्याभरात वाकला’ असं लिहिलेलं असतं. शब्द कमी कडक, पण कपाट घ्यावं की नाही हे ठरवायला तोच कामाला येतो.

वाईट मालाला नावं ठेवण्यात मराठी माणूस कधी कमी पडलेला नाही. तकलादू, लेचापेचा, कचकड्याचा, बेगडी, गचाळ, थातुरमातुर, कामचलाऊ, सुमार, निकृष्ट, टाकाऊ, भिकार, बोगस. रागाच्या भरात हे सगळे शब्द एकाच मापाचे वाटतात. पण बारकाईनं पाहिलं तर प्रत्येकाचं बोट वेगळ्या ठिकाणी असतं. काही शब्द मालाकडे दाखवतात, काही कारागिराच्या हाताकडे, काही थेट विकणाऱ्याच्या नियतीकडे. प्रामाणिक अभिप्रायातली अर्धी लढाई हे बोट योग्य जागी ठेवण्याची असते.

त्यासाठी तेच पुस्तकांचं कपाट घेऊ. समजा, साडेतीन हजारांचं, पाच खणांचं, ऐंशी सेंटिमीटर रुंद. वर्णनात ‘इंजिनिअर्ड वुड’ लिहिलेलं. या किमतीच्या तयार कपाटांत तो बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड असतो. लाकडाचा चुरा राळेत कालवून, दाबून फळी करायची आणि वर लाकडासारखा दिसणारा पातळ थर चिकटवायचा. हा माल वाईटच, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं ठरेल. कोरड्या जागी आणि बेताच्या वजनाखाली तो वर्षानुवर्षं नीट राहतो. त्याची दुखणी दोन. पाणी लागलं की तो फुगतो आणि फुगलेली फळी वाळल्यावरही मूळच्या जाडीवर येत नाही. दुसरं म्हणजे एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा तशी पकड घेत नाही. सुतार ज्याला ‘स्क्रू नुसता फिरतोय’ म्हणतात, ते हेच.

आता फळी वाकण्याचं पाहू. साधी पुस्तकं दाटीनं उभी लावली, तर मीटरभर लांबीला वीस-पंचवीस किलो वजन सहज होतं. म्हणजे ऐंशी सेंटिमीटरच्या खणावर सोळा ते वीस किलो. पंधरा मिलिमीटरची पार्टिकल बोर्डाची फळी हे वजन पहिल्या दिवशी पेलते, पण सतत दाबाखाली राहून हळूहळू बाक धरते. लांबीचा हिशेब तर फारच निर्दय आहे. जाडी तीच ठेवून, तितक्याच दाटीनं पुस्तकं भरून फळी दुप्पट लांब केली, तर बाक दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणून चाळीस सेंटिमीटरचा खण जिथे सरळ राहतो, तिथे ऐंशीचा झोळी होतो.

इथे ‘तकलादू’ हा शब्द चपखल बसतो. दिसायला ठीक, पण वापराला न टिकणारं, असा त्याचा अर्थ. मात्र तो लिहिण्याआधी दोन गोष्टी करायला हव्यात. पहिली, मोजमाप. खणाच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून धरली आणि मध्यभागी दोरी व फळी यांतलं अंतर पट्टीनं मोजलं, की ‘वाकला’ या शब्दाला आकडा मिळतो. दुसरी, विकणाऱ्यानं काय कबूल केलं होतं ते पाहणं. माहितीपत्रकात ‘प्रत्येक खणावर कमाल आठ किलो’ असं छापलेलं असेल आणि घेणाऱ्यानं अठरा किलो भरले असतील, तर फळीला तकलादू म्हणताना जरा थांबायला हवं. मग गप्प बसायचं का? तसंही नाही. ऐंशी सेंटिमीटरचा खण आठ किलोच्या बेतानं करायचा आणि त्या वस्तूला ‘पुस्तकांचं कपाट’ म्हणायचं, ही तक्रार रास्तच आहे. फक्त ती नावाबद्दलची आणि दाव्याबद्दलची तक्रार झाली, फळीबद्दलची नाही.

कायदाही असाच विचार करतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये वस्तूतला ‘दोष’ ठरवताना गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता वा दर्जा यांतली उणीव पाहिली जाते. ती कायद्यानं किंवा करारानं घालून दिलेल्या पातळीशी ताडतात, तशीच विक्रेत्यानं स्वतः जो दावा केला असेल त्याच्याशीही. घरपोच जोडणीला आलेल्या माणसानं केलेला घोळ हा मात्र वस्तूचा दोष नव्हे. ती सेवेतली त्रुटी, आणि कायद्यात तिची व्याख्या वेगळी आहे. अभिप्राय लिहिणाऱ्याला कलमं पाठ असायची गरज नाही, पण ही विभागणी त्याच्या फार उपयोगाची आहे.

कारण कपाट डुगडुगायला लागलं की लोक सर्रास मालावर खापर फोडतात. प्रत्यक्षात अशा कपाटाला ताठ ठेवण्याचं बरंचसं काम मागची पातळ पाठ करते. ती नीट ठोकली नसेल, तर कपाट एका बाजूला कलतं, दारं जुळत नाहीत आणि एखादा कोपरा उचललेला राहतो. तपासणी सोपी आहे. समोरून एका वरच्या कोपऱ्यापासून तिरकं खालच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायचा, मग दुसरा कर्ण मोजायचा. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. सारखी नसतील, तर बहुधा जोडणी चुकली आहे किंवा भोकं चुकीच्या जागी पाडलेली आहेत. दोन्ही मापं सारखी येऊनही कपाट हलत असेल, तर आधी फरशीचा उतार पाहिलेला बरा.

भोकं चुकलेली, कडेची पट्टी अर्धवट चिकटवलेली, स्क्रूचं डोकं अर्धं बाहेर, कापलेल्या कडेला चुरा सुटलेला. या प्रकाराला तकलादू म्हणू नये. फळी जाड, मजबूतसुद्धा असू शकेल. इथला शब्द आहे ‘गचाळ काम’, आणि पाट्या टाकल्यासारखं वाटत असेल तर ‘थातुरमातुर’. ‘ओबडधोबड’ त्याहून वेगळा. ओबडधोबड वस्तू दिसायला राकट असते, पण भक्कम असू शकते. गावाकडच्या सुताराचं बाकडं ओबडधोबड असतं आणि तीन पिढ्या टिकतं. ‘कामचलाऊ’ म्हणजे वेळ मारून नेण्यापुरतं, आणि भाड्याच्या खोलीत दोन वर्षं काढणाऱ्याला कदाचित तेवढंच हवं असतं. हा शब्द वाचून तो विद्यार्थी कपाट घेईल, नव्या घरातलं जोडपं घेणार नाही. दोघांचंही भलं.

सगळ्यात अवघड प्रकरण ‘सुमार’चं. मोडलेल्या वस्तूबद्दल लिहिणं सोपं, मोडलेला भाग दाखवला की झालं. सुमार वस्तूत दाखवायला काही नसतंच. ती चालते, पण तिच्याबद्दल कौतुकाचा एक शब्द निघत नाही. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मोजदाद, अंदाज. ‘सुमारे दहा वाजता’मध्ये तो अजून तसाच निरुपद्रवी आहे. पण विशेषण म्हणून वापरला की तो चांगलाच झोंबतो. ‘सुमार दर्जाचं’ नाटक म्हटलं, तर नाटकवाले आठवडाभर बोलत नाहीत. त्यामुळे साधारण मालाला सरळ ‘सुमार’ म्हणून मोकळं होण्याआधी त्याचे सौम्य भाऊबंद आठवावेत. गरज कशीबशी भागते तिथे ‘जेमतेम’, किमतीच्या मानानं अपेक्षाच कमी होती तिथे ‘बेताचं’, एक भाग बरा आणि एक रडका असेल तर ‘यथातथा’. ‘सुमार’ राखून ठेवावा तो जास्त पैसे मोजूनही साधारणच माल हाती आला त्या प्रसंगासाठी. आणि तो वापरलाच, तर कशाच्या तुलनेत हेही लिहावं. दीड हजारांच्या कपाटाच्या तुलनेत की दहा हजारांच्या? किंमत न सांगता सुमार म्हणणं म्हणजे वजन न सांगता महाग म्हणणं.

राहिले ते शब्द जे वस्तूवरून माणसावर घसरतात. ‘बेगडी’मध्ये अजून वस्तूच आहे: मखरावर लावायच्या चमकदार बेगडासारखं वर झगमग, आत काही नाही. लाकडाचा छापील थर लावलेल्या फळीला हा शब्द चालून जातो. पण ‘बोगस’, ‘फसवणूक’, ‘लुटारू’ म्हटलं की विक्रेत्याच्या हेतूवर आरोप झाला, आणि हेतू दोरी-पट्टीनं मोजता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची तरतूद आहे. सार्वजनिक हितासाठी केलेल्या सत्य विधानाला तिथे अपवाद आहे, पण मग ते सत्य दाखवता यायला हवं. ‘जाहिरातीत सागवान लिहिलं होतं, कडेची पट्टी सुटल्यावर आत चुरा दिसला, फोटो जोडला आहे’ हे वाक्य ‘चोर आहेत’पेक्षा कितीतरी जास्त बोचतं आणि शाबीतही करता येतं. अभिप्रायांचा बाजार मांडणाऱ्या कंपन्यांसाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ साली आयएस १९००० हे मानक काढलं. ते अभिप्राय गोळा कसे करायचे, तपासायचे आणि प्रसिद्ध कसे करायचे, याबद्दल आहे. शब्द कोणते वापरायचे, ते अर्थातच लिहिणाऱ्यावर आहे.

मग त्या भिकार कपाटाचा अभिप्राय नीट लिहिला तर कसा दिसेल? काहीसा असा: ‘साडेतीन हजारांना घेतलं. चार महिने वापरतो आहे. रंग आणि वरचा थर छान. जोडणीच्या सूचना स्पष्ट, दोघांनी तासाभरात जोडलं. डाव्या बाजूच्या फळीतली दोन भोकं तिरकी होती, काम गचाळ. मधल्या खणावर पुस्तकं ठेवली होती, तो आता मध्यभागी नऊ मिलिमीटर वाकला आहे. पत्रकात मर्यादा आठ किलो लिहिली आहे, मी जास्त ठेवली होती. पण मग त्याला पुस्तकांचं कपाट म्हणू नये. फरशी पुसताना पाणी लागून खालची कड फुगली. कपडे, खेळणी, शोभेच्या वस्तू यांना ठीक. पुस्तकांना तकलादू.’

या अभिप्रायात विक्रेत्याला दुरुस्त करण्यासारख्या दोन गोष्टी सापडतात, भोकांची जागा आणि वस्तूचं नाव. खालच्या फळीला वीतभर उंच पाय दिले, तर तिसरीही. अशा तक्रारीनंतर नवी फळी आली आणि ती नीट बसली, तर बहुतेक ठिकाणी जुन्या अभिप्रायात भर घालता येते. तारीख टाकून ‘फळी बदलून दिली, भोकं आता सरळ’ एवढं लिहिलं की ‘गचाळ’ हा शब्द पहिल्या कपाटापुरता राहतो. ‘तकलादू’ मात्र नवी फळी पुस्तकांखाली आणखी चार महिने काढेपर्यंत खोडायचं कारण नाही.