ऑपरेशनच्या पेशंटला भेटायला जाताना काय न्यावं, काय नेऊ नये?

मोरिवलीतलं कुणी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात ऑपरेशनसाठी दाखल झालं, की नातेवाईक अयादतीला निघतात. हातात सफरचंदं, खजूर, कधी घरची बिर्याणी असते. नियत चांगलीच असते, पण वेळ चुकली तर हेच खाणं पेशंटला महागात पडतं.

समजा, चाचांचं हर्नियाचं ऑपरेशन उद्या सकाळी दहाला आहे. पूर्ण भूल द्यायची असेल तर साधारणपणे हलकं खाणं आणि दुधाचा चहा सहा तास आधी बंद करतात, म्हणजे पहाटे चारला. तेलकट, मटणाच्या जेवणाला आठ तास किंवा त्याहून जास्त लागतात. साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं. पण अनेक ठिकाणी डॉक्टर रात्री बारानंतर काहीच नको असं सांगतात, तेव्हा तेच पाळायचं. कारण भुलीत घशाची आपोआप होणारी राखण थांबते. पोटातलं अन्न वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून बरकतीसाठी एक खजूर किंवा जमजमचा घोटसुद्धा सिस्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. चुकून दिलाच तर लपवू नका, लगेच सांगा. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तरी चालेल, जीव महत्त्वाचा.

ऑपरेशननंतरही घाई नको. आधी पाण्याचे घोट, मग पातळ पेज, मग मऊ खिचडी, असं डॉक्टर सांगतील तसं वाढवतात. आतड्याचं ऑपरेशन असेल तर जास्त थांबावं लागतं. पोट फुगलं, उलटी झाली तर खाणं थांबवून सिस्टरला बोलवा. शुगर असलेल्याला खजूर आणि ज्यूस, आणि किडनीच्या पेशंटला नारळपाणी न विचारता नेऊ नये. हर्नियावाल्याला जोर लावावा लागू नये म्हणून बद्धकोष्ठ टाळायचं असतं. त्यामुळे खाणं सुरू झाल्यावर पपईसारखं फळ मिठाईपेक्षा कामाचं.

फुलं आणि उग्र अत्तर वॉर्डात नकोच. भुलीनंतर आधीच मळमळतं, त्यात शेजारच्या खाटेवर दम्याचा पेशंट असू शकतो. आयसीयूत तर फुलं सहसा आत घेतच नाहीत.

मग न्यावं काय? लांब वायरचा चार्जर, न घसरणारी चप्पल, पुढून उघडणारा सैल सदरा किंवा गाऊन. सोबत रात्र काढणाऱ्या चाचींसाठी गरम डबा न्या. उपाशी तर त्याच राहतात. बाहेरून औषधं आणावी लागतात, तेव्हा पाकिटात ठेवलेले पाचशे रुपये फळांच्या टोपलीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

निघण्याआधी चाचींना एक फोन करा: "आज काय चालतं? काय आणू?" आणि सर्दी-खोकला असेल तर घरूनच दुआ करा.