चूक एकाच बाजूला का झुकते? : १९३६ ते १९४८च्या मतचाचण्यांचा मागोवा

संशोधन पद्धतीच्या तासाला कुणी सर्वेक्षणाचा आराखडा मांडला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सॅम्पल किती घेऊ? ते कसं निवडू, हा प्रश्न मागाहून येतो, पुष्कळदा येतच नाही. हा क्रम उलटा हवा, हे अमेरिकेतल्या मतचाचण्यांनी १९३६ ते १९४८ या बारा वर्षांत दोनदा दाखवून दिलं. त्यातली पहिली चूक सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिचं कारण बहुतेकदा अर्धंच सांगितलं जातं. दुसरी चूक फारशी चर्चेत नसते, आणि विद्यार्थ्यांच्या हातून आजही होते ती बरीचशी तीच.

‘लिटररी डायजेस्ट’ हे साप्ताहिक १९१६पासून अध्यक्षीय निवडणुकीतला विजेता बरोबर सांगत आलं होतं. १९३६मध्ये रूझवेल्ट विरुद्ध रिपब्लिकन उमेदवार लँडन या लढतीसाठी त्यांनी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. २३ लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांवरून डायजेस्टनं जाहीर केलं, की दोघांमधल्या मतांपैकी रूझवेल्ट यांना ४३ टक्के मिळतील. प्रत्यक्षात ६२ टक्के मिळाली. लँडन यांच्या वाट्याला मेन आणि व्हर्मांट ही दोनच राज्यं आली.

या आकड्यांशेजारी पाठ्यपुस्तकातलं सूत्र ठेवून पाहावं. साधा यादृच्छिक नमुना असेल, तर ९५ टक्के खात्रीनं अंदाज किती इकडेतिकडे होईल, हे ढोबळमानानं 1/√n इतकं असतं. ४०० माणसं विचारली तर ही मर्यादा ५ टक्के, १,६०० विचारली तर अडीच टक्के. म्हणजे चूक निम्म्यावर आणायची तर माणसं चौपट लागतात. समाज लाखाचा असो की कोटीचा, या हिशेबात फारसा फरक पडत नाही. २३ लाखांच्या नमुन्याला हे सूत्र लावलं, तर मर्यादा एक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी येते. डायजेस्टची चूक १९ टक्क्यांची होती, म्हणजे सूत्राच्या जवळपास तीनशे पट. सूत्र चुकीचं नाही. प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता आधीपासून माहीत आहे आणि निवडलेला प्रत्येक जण उत्तर देतो, असं ते गृहीत धरतं. डायजेस्टच्या बाबतीत यातलं काहीच खरं नव्हतं.

नेहमीचं स्पष्टीकरण असं, की नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतली, मंदीच्या काळात फोन आणि मोटार सुखवस्तूंकडेच होती, आणि सुखवस्तूंचा कल लँडनकडे होता. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. शिकागोत डायजेस्टनं नोंदणी झालेल्या दर तिसऱ्या मतदाराला पत्रिका पाठवली होती. तिथं यादीत गरीब-श्रीमंत सगळे होते. उत्तरं सुमारे २० टक्क्यांचीच आली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक लँडनच्या बाजूची होती. शहराचं मत मात्र रूझवेल्टना दोनास एक असं पडलं. यादी चांगली असूनही अंदाज फसला, कारण पत्रिका भरून परत पाठवण्याचे कष्ट घेणारा माणूस आणि ती बाजूला टाकणारा माणूस वेगवेगळ्या मताचे होते.

१९३७मध्ये गॅलप संस्थेनं लोकांना विचारलं होतं, की डायजेस्टची पत्रिका तुम्हाला आली का, ती परत पाठवली का आणि मत कुणाला दिलं. राज्यशास्त्रज्ञ पेव्हरिल स्क्वायर यांनी ती माहिती १९८८मध्ये पुन्हा तपासली. परत पाठवणाऱ्यांत रूझवेल्टचे समर्थक ४८ टक्के, न पाठवणाऱ्यांत ६९ टक्के. लोक आठवणीतून सांगत होते, त्यामुळे आकडे काटेकोर मानायचे नाहीत, पण हिशेब उद्बोधक आहे. प्रतिसाद न देण्यामुळे होणारी चूक म्हणजे उत्तर न देणाऱ्यांचा वाटा गुणिले दोन्ही गटांतला फरक. इथं चारातले तीन गप्प राहिले आणि फरक २१ टक्क्यांचा. गुणाकार १६च्या आसपास येतो. या गुणाकारात नमुन्याचा आकार कुठंच नाही. २ कोटी पत्रिका पाठवल्या असत्या, तरी तो तेवढाच राहिला असता.

१९३६च्या त्या निवडणुकीआधी जॉर्ज गॅलप यांनी डायजेस्टच्याच प्रकारच्या याद्यांतून यादृच्छिकपणे ३,००० लोक निवडून त्यांना पोस्टकार्डं पाठवली आणि डायजेस्टचा आकडा रूझवेल्ट ४४ टक्के असा येईल, हे आधीच सांगून टाकलं. चुकीच्या यादीचा कल ३,००० पत्रांतही पुरेसा दिसतो, हे त्यातून कळलं. गॅलप यांचा स्वतःचा अंदाज होता ५६ टक्के. विजेता बरोबर सांगितला गेला, म्हणून त्यातली ६ टक्क्यांची चूक कुणी मनावर घेतली नाही.

ती चूक कोटा पद्धतीतली होती. सेंट लुईसमधल्या गॅलपच्या एका मुलाखतकाराला १९४८मध्ये मिळालेल्या सूचना पाहा : एकूण १३ जण, ६ उपनगरातले आणि ७ शहरातले, ७ पुरुष आणि ६ स्त्रिया. पुरुषांत तिघे चाळिशीच्या आतले, चौघे वरचे, एक कृष्णवर्णीय आणि सहा गौरवर्णीय. त्या सहांनी घरभाडं किती भरावं, हेसुद्धा ठरवून दिलेलं. कागदावर हा देशाचा हुबेहूब छोटा नमुना वाटतो. पण चौकट पाळली, की तिच्यात नेमका कोणता माणूस घ्यायचा हे मुलाखतकाराच्या मर्जीवर. तो साहजिकच सहज भेटणारा, बऱ्या वस्तीतला, नीट बोलणारा माणूस गाठतो. एकाच भाडेगटातही असा माणूस रिपब्लिकन असण्याची शक्यता थोडी जास्त होती.

म्हणून रिपब्लिकन उमेदवाराचा अंदाज १९३६मध्ये ६ टक्के, १९४०मध्ये ३, १९४४मध्ये २ आणि १९४८मध्ये ५ टक्के जास्त निघाला. नमुना साधारण ५० हजारांचा, तरी चारही वेळा चूक एकाच दिशेला. पहिल्या तीन निवडणुकांत रूझवेल्ट मोठ्या फरकानं जिंकल्यामुळे ती झाकली गेली. १९४८मध्ये लढत अटीतटीची होती. रिपब्लिकन ड्यूई जिंकणार असं गॅलपनं सांगितलं आणि जिंकले ट्रूमन. निवडणुकीच्या काही दिवस आधीच मुलाखती थांबवल्या, हेही एक कारण चौकशीत पुढं आलं, पण चारदा एकीकडे झुकलेला काटा शेवटच्या दिवसांतल्या मतबदलानं समजावता येत नाही.

ओळखण्याची खूण इथं आहे. नशिबाची चूक कधी वर, कधी खाली जाते आणि नमुना वाढवला की आटते. निवडीतली चूक दरवेळी त्याच बाजूला जाते आणि नमुना वाढवला तरी हलत नाही. पुढं गॅलप संस्था संभाव्यतेवर आधारलेल्या निवडीकडे वळली. विभाग, मग वस्ती, मग घर, मग घरातली व्यक्ती, असं ठरलेल्या नियमानं निवडायचं आणि मुलाखतकाराच्या हाती काही ठेवायचं नाही. १९५२चा नमुना पाच हजारांच्या थोडा वर होता, म्हणजे आधीच्या दहाव्या हिश्शाएवढा. अंदाज तेव्हाही चुकला, पण रिपब्लिकन मत या वेळी कमी दाखवलं गेलं. जुना झुकाव मोडला होता.

हा धडा जुना झालेला नाही. २०२१मध्ये अमेरिकेत कोविड लसीकरणाचा अंदाज घेताना फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरं गोळा होत होती. मे महिन्यात तो अंदाज सरकारी नोंदीपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त निघाला. काळजीपूर्वक निवडलेल्या हजारभर लोकांच्या सर्वेक्षणाचा आकडा नोंदींच्या जवळ राहिला.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून ६०० उत्तरं मिळवणाऱ्या विद्यार्थ्यानं 1/√n वापरून ‘चुकीची मर्यादा ४ टक्के’ असं लिहिलं, तर ते विधान निराधार आहे. त्यापेक्षा मतदार यादीतून किंवा वस्तीच्या घरयादीतून यादृच्छिकपणे २०० नावं काढावीत आणि कुलूप दिसलेल्या घरी संध्याकाळी, रविवारी, तिसऱ्यांदा जावं. पहिल्या फेरीत भेटलेल्यांची उत्तरं तिसऱ्या फेरीत भेटलेल्यांशी ताडून पाहावीत. ती वेगळी असतील, तर कधीच न भेटलेले आणखी वेगळे असण्याची शंका घ्यावी. नमुन्यातलं वय, लिंग, शिक्षण जनगणनेशी जुळतं का तेही बघावं, पण कोट्याचा अनुभव विसरू नये : ते जुळलं म्हणजे मतं जुळली असं नाही. अहवालात नमुन्याच्या आकड्याआधी तीन गोष्टी याव्यात : यादी कोणती होती, नाव कुणी आणि कसं काढलं, आणि निवडलेल्यांपैकी किती जणांनी उत्तर दिलं नाही. त्या नोंदल्यावरच n किती, या प्रश्नाच्या उत्तराला अर्थ येतो.