पाणी आलं, लाईट गेली : गावच्या ग्रुपसाठी स्वतःचे स्टिकर एआयकडून कसे काढून घ्यायचे?

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून एकच विचारणा असते. नळाला पाणी आलं का? लाईट आली का? कुणीतरी उत्तर टाकतं, पण ज्यांना वाचता येत नाही त्या घरच्या आजीला ते शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावं लागतं. तोवर पाणी जातं. अशा ग्रुपला चार स्टिकर पुरतात: पाणी आलं, पाणी नाही, लाईट आली, लाईट गेली. गोंडस चेहऱ्याचा नळ आणि बल्ब, जाड रेघ, मागे साधा रंग. बघताक्षणी कळलं पाहिजे.

चित्र काढणारं एआय आता जेमिनी, चॅटजीपीटी अशा ॲपमध्ये मोबाईलवरच मिळतं. त्याला लिहून दिलेल्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात आणि तो मराठीत लिहिला तरी चालतो. पण 'चार छान स्टिकर बनव' एवढंच लिहिलं, तर जे येतं ते स्टिकर म्हणून कामाचं नसतं. पुढचा प्रॉम्प्ट लिहून बघा.

```
एका चौकोनी चित्रात 4 स्टिकर, दोन वर, दोन खाली.
1. पाण्याचा नळ, हसरा चेहरा, पाण्याची जाड धार
2. तोच नळ, तहानलेला, जीभ बाहेर, पाणी अजिबात नाही
3. पिवळा बल्ब, हसरा, डोळे उघडे
4. तोच बल्ब, करड्या रंगाचा, डोळे मिटलेले
इमोजीसारखे गोंडस, मोठे डोळे, सपाट रंग.
जाड काळी रेघ, तिच्या बाहेर पांढरी किनार.
मागे सगळीकडे एकच हिरवा रंग. सावली नको.
अक्षरं नकोत. स्टिकर एकमेकांना चिकटू नयेत.
बल्ब भरीव, काच आरपार दिसू नये.
```

यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी बिघाडामुळे आली आहे.

आधी दुसऱ्या स्टिकरचं घ्या. 'पाणी नाही' म्हटल्यावर पहिल्यांदा सुचतं ते रडणारा नळ. पण रडणाऱ्या नळाच्या डोळ्यांतून थेंब पडतात आणि मोबाईलवर लहान दिसताना ते नळातून पडणारं पाणीच वाटतं. म्हणजे आजी हंडा घेऊन निघाली, आणि नळ कोरडा! म्हणून रडका नळ काढून तहानलेला नळ घेतला, आणि 'पाणी अजिबात नाही' असं वेगळं सांगितलं.

जाड रेघेचं कारणही असंच. चित्र बनवताना ते अख्ख्या स्क्रीनभर दिसतं, पण चॅटमध्ये स्टिकर लहान होऊन बसतो. बारीक रेघा, नक्षी, छोटे दात तिथे पुसटून जातात. जाड बंद रेघेचा आणखी एक फायदा म्हणजे मागचा रंग कापताना ॲपला आकृती कुठे संपते ते नीट समजतं. आणि पांढरी किनार कशाला? बऱ्याच जणांच्या मोबाईलवर चॅटची पार्श्वभूमी काळी असते, तिथे काळी रेघ दिसतच नाही. पांढरी किनार असली की दोन्हीकडे उठून दिसतं. व्हॉट्सॲपच्या स्टिकर बनवणाऱ्यांसाठीच्या नियमांतही बाहेरून 8 पिक्सेलची पांढरी किनार सुचवलेली आहे.

मागचा रंग हिरवाच का, तर या चार चित्रांत हिरवं काहीच नाही. पाणी निळं म्हणून निळा बाद, बल्ब पिवळा म्हणून पिवळा बाद, आणि किनार पांढरी असल्यामुळे पांढरा तर मुळीच नको. पोळ्याचा बैल चाऱ्यासकट काढायचा असेल तर मात्र हिरवा सोडून दुसरा घ्यावा लागेल. काही जण 'मागे पारदर्शक ठेव' असं लिहितात. तेव्हा कधी कधी एआय राखाडी-पांढरे चौकोनच रंगवून देतं. दिसतं पारदर्शक, पण असतं ते चित्रच, आणि स्टिकरच्या मागे ते चौकोन तसेच राहतात. काचेच्या बल्बचंही तेच: आतून मागचा हिरवा दिसतो आणि कापल्यावरही आत हिरवा डाग उरतो. म्हणून 'भरीव' हा शब्द गाळू नका.

अक्षरं नको म्हटलं, कारण एआयच्या चित्रात मराठी जोडाक्षरं आणि मात्रा बऱ्याचदा बिघडतात. तसंही हे स्टिकर न वाचता कळावेत म्हणूनच आहेत.

आता चारच का, नऊ किंवा सोळा का नाहीत? व्हॉट्सॲपचा स्टिकर 512 बाय 512 पिक्सेलचा असतो. समजा एआयने 1024 बाय 1024 चं चित्र दिलं. त्यात दोन वर, दोन खाली घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला 512 येतात, म्हणजे बरोबर माप. नऊ घेतले तर 341 च्या आसपास येतात आणि ते ताणल्यावर फुटतात. सोळा मागितले तर मोजणीच चुकते, एकच चेहरा दोनदा येतो, कडा एकमेकांत घुसतात. जास्त हवे असतील तर पहिलं चित्र एआयला परत जोडून 'हेच नळ-बल्ब, याच पद्धतीत आणखी चार' असं लिहायचं. वेगवेगळे चार प्रॉम्प्ट दिले तर दर वेळी नळाचं तोंड बदलतं आणि संच जुळत नाही.

चित्र हातात आल्यावर ते गॅलरीत चार वेळा चौकोनी कापायचं, प्रत्येक स्टिकर वेगळा. मग व्हॉट्सॲपमध्ये इमोजीच्या बटणावरून स्टिकरच्या खणात जायचं, `Create` दाबायचं आणि कापलेलं चित्र निवडायचं. मागचा रंग ॲप स्वतःच काढतं. काही मोबाईलवर हा पर्याय नसेल तर आधी व्हॉट्सॲप अपडेट करून बघा. इथे एक गोष्ट तपासा: नळाची धार नळापासून सुटी असेल तर ॲप ती कापून टाकतं आणि 'पाणी आलं' चा नळ कोरडा होतो! तसं झालं तर प्रॉम्प्टमध्ये 'धार नळाला चिकटलेली' एवढं वाढवायचं आणि पुन्हा काढून घ्यायचं.

ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःच्याच नंबरला पाठवा, आणि पांढऱ्या व काळ्या दोन्ही पार्श्वभूमीवर बघा. नंतर घरातल्या न वाचणाऱ्या माणसाला काहीही न सांगता दाखवा. 'हे काय?' एवढंच विचारा. मिटलेल्या डोळ्यांचा बल्ब बघून 'झोपायची वेळ झाली' असं उत्तर आलं, तर चित्र बदला. काळा पडलेला, प्लग निघालेला बल्ब काढून बघता येईल.

ग्रुपमध्ये दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. स्टिकरवर वेळ नसते. काल आलेला 'पाणी आलं' आज कुणी दुसऱ्या ग्रुपवर पुढे ढकलला तर तो आत्ताचाच वाटतो. म्हणून स्टिकर फक्त पाणी सोडणाऱ्याने किंवा ज्याच्या नळाला पाणी आलंय त्यानेच टाकायचा, पुढे ढकलायचा नाही. दुसरी गोष्ट जिवाची आहे. 'लाईट गेली' चा झोपलेला बल्ब बघून कुणी मोटारीच्या वायरीला किंवा स्टार्टरला हात घालायचा नाही. एका वस्तीची लाईट गेली म्हणजे शेतातल्या लाईनची गेलीच असं नाही, आणि गेलेली लाईट कुठल्याही क्षणी परत येते. काम करायचं तर मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासून, आणि लाईनचं काम असेल तर वायरमनला बोलावूनच.