सहावी खुर्ची

आमचा पाच जणांचा गट दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. शेतकऱ्याने दूध घातलं की लिटर, फॅट आणि एसएनएफ यांवरून दर ठरतो, पावती निघते आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. कामं साचली म्हणून सहावी सहकारी घ्यायचं ठरलं. गटात सगळ्यांचा अंदाज एकच होता, की ती आल्याबरोबर काम हलकं होईल. खरं तर पहिले काही दिवस ते जड होतं. आयबीएममध्ये मोठा सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी हे १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये लिहून ठेवलंय: रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली, तर तो आणखी रखडतो. पाच जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या १० असतात, सहाव्या माणसाबरोबर त्या १५ होतात. शिवाय नव्या माणसाला शिकवणार कोण? ज्याच्याकडे आधीच सगळ्यात जास्त काम आहे, तोच.

म्हणून तयारी ती येण्याच्या दोन आठवडे आधी सुरू केली, आणि ती कागदपत्रांपासून नाही, परवानग्यांपासून. कंपनीचा ईमेल, कोडची रेपॉझिटरी, व्हीपीएन, टेस्ट डेटाबेस, लाइव्ह डेटाबेस या प्रत्येकाची मंजुरी वेगळ्या माणसाकडे असते आणि तो नेमका रजेवर असतो. एका कागदावर चार रकाने आखले: काय हवं, कोण देणार, कधी मागितलं, कधी मिळालं. तिसरा रकाना भरलेला आणि चौथा रिकामा दिसला की फोन करायचा, एवढीच त्याची करामत.

लाइव्ह डेटाबेसची परवानगी मात्र मुद्दाम मागितली नाही. त्यात शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आहेत आणि चुकीच्या एका ओळीने शेकडो बिलं बिघडू शकतात. कामापुरताच अधिकार द्यायचा, लागेल तसा वाढवायचा. परवानगीला उशीर झाला की ‘तोवर माझा पासवर्ड वापर’ म्हणणारा एक दयाळू सहकारी प्रत्येक गटात असतो. (आमच्याकडे तो मीच होतो.) पुढे काही बिघडलं की नोंदवहीत त्याचंच नाव दिसतं आणि नक्की कोणी काय केलं हे शोधता येत नाही.

कागदपत्रं आमच्याकडे भरपूर होती, बरीचशी शिळी. तिच्यासाठी तीनच निवडली. पहिलं दोन पानांचं: दूध काट्यावर आल्यापासून पैसे खात्यात जाईपर्यंत काय काय होतं. त्यातच एसएनएफ म्हणजे दुधातले स्निग्धांश सोडून उरणारे घनपदार्थ, हेही. दुसरं, कोण काय ठरवतं: दराचं सूत्र कोणाला विचारल्याशिवाय बदलायचं नाही, पावतीचा मजकूर कोण मंजूर करतो, रात्री यंत्रणा बंद पडली तर फोन कोणाला करायचा. तिसरं README.md, म्हणजे आपल्या लॅपटॉपवर प्रकल्प कसा सुरू करायचा याच्या पायऱ्या.

सोमवारी सकाळी तिने README.md उघडून एकेक पायरी करायला सुरुवात केली. मी शेजारी बसलो, पण हात मागे ठेवून. चौथ्या पायरीला सगळं अडलं. पासवर्ड ठेवायची .env नावाची फाइल सुरक्षेसाठी रेपॉझिटरीत ठेवत नाहीत, हे बरोबरच. पण ती बनवायची कशी, हे कुठेच लिहिलं नव्हतं. आमच्या पाचही जणांच्या लॅपटॉपवर ती कधीपासूनच असल्यामुळे उणीव कोणालाच दिसली नव्हती. कागदातली अशी भोकं नव्या माणसालाच दिसतात, तीही जेमतेम आठवडाभर. नंतर तोही सरावतो. म्हणून तिला सांगितलं, जिथे अडशील तिथे ओळ तूच लिही.

मंगळवार एका संकलन केंद्रावर गेला. पहाटेची रांग, ओल्या हातांनी दाबली जाणारी बटणं आणि वीज गेल्यावरची पळापळ बघितल्यावर पावती दोन सेकंदांत का निघायला हवी, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

बुधवारी तिला पहिलं काम दिलं. नाव लांब असलं की पावतीच्या अरुंद कागदावर आडनाव कापलं जायचं. काम क्षुल्लक, पण निवडलेलं विचार करून: पैशांना हात लागत नव्हता आणि तरी कोड बदलणं, तपासणं, सहकाऱ्याकडून वाचून घेणं, मंजुरी, लाइव्ह हा सगळा रस्ता त्यात येत होता. ‘कसं चाललंय?’ असं विचारलं तर नवा माणूस ‘ठीक’ म्हणतो, अडला असला तरी. त्यामुळे रोज चार वाजता मी ‘आज काय केलंस ते स्क्रीनवर दाखव’ म्हणायचो. गुरुवारी दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. टेस्टचा प्रिंटर तिच्या नावावर जोडलेलाच नव्हता आणि विचारायचा संकोच वाटल्यामुळे ती सकाळपासून खोळंबली होती. माझ्या चार रकान्यांच्या कागदावर प्रिंटर लिहायचा राहिला होता.

शुक्रवारी दुपारी बदल लाइव्ह झाला. बटण एका जुन्या सहकाऱ्याने दाबलं, ती शेजारी उभी होती. संध्याकाळच्या संकलनाला आडनावं पूर्ण छापली गेली. README.md मध्ये सात नव्या ओळी आल्या होत्या आणि परवानग्यांच्या कागदावर, तिच्या अक्षरात, ‘टेस्ट प्रिंटर’.