छापील किंमत 50 हजार, खरेदी 40 हजार

विजेच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्याला कंपनीच्या दरपत्रकातला भाव सहसा द्यावा लागत नाही. समजा, 50,000 रुपयांच्या स्विचच्या मालावर वितरकाने 20 टक्के व्यापारी सूट दिली. बिलात 10,000 वजा होऊन 40,000 उरतात, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 7,200, आणि देणं होतं 47,200 रुपये. हे 10,000 हिशेबाच्या वहीत कुठेच येत नाहीत. खरेदी खाते 40,000 ने नावे, जीएसटी खाती 7,200 ने नावे आणि वितरकाचं खातं 47,200 ने जमा, एवढीच नोंद.

काही जण खरेदी 50,000 दाखवून वरचे 10,000 ‘मिळालेली सूट’ म्हणून उत्पन्नात धरतात. वरवर पाहता बेरीज तीच येते. पण वर्षअखेरीस निम्मा माल शिल्लक असेल, तर त्याची किंमत 20,000 ऐवजी 25,000 लागते आणि न विकलेल्या मालावर 5,000 रुपयांचा खोटा नफा दिसतो. म्हणूनच लेखा मानक 2 नुसार मालाची किंमत ठरवताना व्यापारी सूट आधीच वजा करावी लागते.

रोख सूट वेगळी. ती भावावर नसून वेळेवर मिळणाऱ्या पैशांवर असते. हाच दुकानदार एका कंत्राटदाराला 30,000 चा माल उधार देतो. जीएसटीसह बिल 35,400 होतं. दहा दिवसांत पैसे आले तर करापूर्वीच्या रकमेवर 2 टक्के सूट, अशी अट बिलावर छापलेली आहे. बिल करताना मात्र सूट धरायची नाही, कारण ती मिळेलच असं नाही.

आठव्या दिवशी बँकेत 34,800 जमा होतात. आता बँक खाते 34,800 ने नावे, ‘दिलेली सूट’ 600 ने नावे आणि कंत्राटदाराचं खातं पूर्ण 35,400 ने जमा. विक्री 30,000 च राहते, 600 रुपये खर्चात जातात.

कारकुनाने फक्त बँकेची रक्कम नोंदवली, तर कंत्राटदाराच्या नावे 600 रुपये लोंबकळत राहतात आणि पुढे त्याला विनाकारण तगादा जातो. उलट त्याने चौदाव्या दिवशी पैसे देऊन परस्पर 600 कापले, तर ती बाकी खरीच येणं असते. त्यामुळे येणेबाकीच्या यादीत अशी किरकोळ रक्कम दिसली, की आधी पैसे आल्याची तारीख बिलाच्या तारखेशी ताडून पाहायची.

सूट पदरात पडली तरी बिलातला 5,400 चा जीएसटी आपोआप घटत नाही. तो कमी करायचा, तर जीएसटी कायद्याच्या अटी पाळून करासह क्रेडिट नोट काढावी लागते आणि कंत्राटदाराने त्यावरचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल, तर तेवढं परत करावं लागतं. 600 रुपयांवरचा कर 108 रुपये असल्याने एवढ्या छोट्या सुटीसाठी अनेक दुकानदार या वाटेला जात नाहीत.