तिकीट रद्द केलं तर हातात किती येणार?

विमानाचं तिकीट काढताना माणूस भावाची घासाघीस तासभर करतो. पाच साइट्स उघडतो, दोनशे रुपये स्वस्त मिळाले की खूश होतो आणि ‘फेअर रूल्स’ नावाच्या बारीक अक्षरातल्या दुव्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तिकिटाशेजारी हिरव्या अक्षरात ‘Refundable’ दिसलं की त्याचं समाधान होतं. प्रत्यक्षात या हिरव्या अक्षरांचा अर्थ एवढाच, की रद्द केल्यास काहीतरी परत मिळेल. किती, ते त्या बारीक अक्षरातच असतं.

ते वाचायचं तर आधी तिकिटाची फोड पाहावी. एकूण रकमेत मूळ भाडं असतं, कधी त्यावर इंधन अधिभार असतो, आणि उरलेला भाग कर व विमानतळाच्या शुल्कांचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, २०१६ पासूनच्या नियमानुसार रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या पुढे जाऊ शकत नाही. सरकारी कर आणि विमानतळाची विकास व वापर शुल्कं परत द्यावीच लागतात. तिकीट सवलतीतलं असो, मूळ भाडं ‘नॉन-रिफंडेबल’ असो किंवा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नसो, हा हक्क कायम राहतो.

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण रचना रोजच्या व्यवहारातली. पुणे–दिल्ली तिकीट २,८०० रुपयांचं. त्यात मूळ भाडं १,९०० आणि कर-शुल्कं ९००. नियमांत लिहिलंय : तारीख बदलण्याचे ३,००० रुपये, रद्द करण्याचे ३,५००. लग्नाची तारीख पुढे गेली आणि नव्या दिवसाचं तिकीट ३,४०० रुपयांना दिसतंय. बहुतेक जण सवयीने ‘तारीख बदला’ हे बटण दाबतात. तसं केल्यास ३,००० शुल्क आणि भाड्यातला फरक ६००, असे ३,६०० रुपये जातात. जुनं तिकीट रद्द केलं तर ३,५०० कापता येत नाहीत, कारण मूळ भाडंच १,९०० आहे. ९०० परत येतात, नवं तिकीट ३,४०० ला मिळतं, म्हणजे खिशातून गेले २,५००. अकराशे वाचले. कंपनी बदलाच्या शुल्कालाही मूळ भाड्याची मर्यादा लावत असेल, तर दोन्ही वाटा सारख्याच पडतात.

तिकीट महाग असलं की गणित उलटतं. मूळ भाडं ८,००० असेल, तर ३,५०० पूर्ण कापले जातात आणि ३,००० देऊन तारीख बदलणंच परवडतं. एजंटने किंवा साइटने घेतलेलं सुविधा शुल्क मात्र सहसा परत मिळत नाही, आणि रद्द करताना ते स्वतःचं वेगळं शुल्कही लावू शकतात.

‘भाड्यातला फरक’ ही खरी मेख आहे. एकाच इकॉनॉमी केबिनमधल्या, एकसारख्या खुर्च्या कंपनी निरनिराळ्या भाडेवर्गांत विकते. प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं. Y हे बहुधा पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमीचं, बाकीची अक्षरं प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने लावते. स्वस्त वर्गाच्या जागा संपल्या की पुढचा, महागडा वर्ग उघडतो. म्हणून ‘बदल शुल्क शून्य’ अशी जाहिरात केलेल्या तिकिटावरही नव्या तारखेला तोच वर्ग शिल्लक नसेल तर फरक भरावा लागतो. नवं भाडं कमी निघालं तर उरलेले पैसे परत मिळतीलच असं नाही. काही कंपन्या ते देत नाहीत.

परदेशाच्या परतीच्या तिकिटात आणखी एक खोच असते. जाताना लवचिक वर्ग आणि येताना स्वस्त वर्ग, असं जोडलेलं तिकीट रद्द करताना अनेकदा दोहोंपैकी कडक नियम संपूर्ण तिकिटाला लागतो. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांचं परतणं हमखास पुढे-मागे होतं, म्हणून त्यांच्या तिकिटात येतानाच्या प्रवासाचा नियम आधी वाचावा. प्रवास सुरू होण्याआधीचा बदल, नंतरचा बदल आणि ‘नो-शो’ यांची शुल्कं तिथे वेगवेगळी लिहिलेली असतात. ‘नो-शो’ सर्वांत महाग पडतो. जायचं नाही हे ठरलंच असेल, तर कंपनीने दिलेल्या मुदतीत, म्हणजे उड्डाणाच्या काही तास आधी, तसं कळवलेलं बरं.

परतावा ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे कंपनीकडेच पुढच्या प्रवासासाठी, ठेवायचा की नाही हे डीजीसीएच्या नियमानुसार प्रवाशाने ठरवायचं असतं. तो पर्याय आधीच निवडलेला दिसला, तर बदलून घ्या आणि पैसे खात्यावर मागा.